संगीत कोठे यावे, कोठे थांबावे



शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटिका बसवणाऱ्यांची एक जुनी सवय आहे. आईने मुलाला निरोप दिला, की पडद्याआडून पेटीवर एक करुण धून सुरू होते आणि पडदा पडेपर्यंत ती चालूच राहते. धून चांगली असते, वाजवणाराही तयारीचा असतो, आणि तरीही प्रेक्षकांना आईचे अर्धे बोलणे ऐकू येत नाही. पुढच्या वर्षी ‘संगीत जास्त झाले’ एवढीच चर्चा होते. खरा दोष मात्र संगीत जास्त होण्यात नसतो. ते कोणत्या क्षणी यावे आणि कोणत्या क्षणी थांबावे, हे आधी कोणी ठरवलेले नसते आणि कोठे लिहूनही ठेवलेले नसते.

चित्रपटाच्या क्षेत्रात हे ठरवण्याची एक निश्चित पद्धत आहे. चित्रपटाचे संकलन पूर्ण झाल्यावर दिग्दर्शक, संगीतकार, संकलक आणि ध्वनीचे काम पाहणारी व्यक्ती एकत्र बसतात. पडद्याच्या कोपऱ्यात धावते घड्याळ उमटवलेले असते. चित्रपट आधी न थांबता एकदा पाहिला जातो, नंतर थांबत थांबत पुन्हा पाहिला जातो आणि संगीताची प्रत्येक जागा वेळेसह लिहून घेतली जाते. या बैठकीला ‘स्पॉटिंग’ म्हणतात, तीतून तयार होणाऱ्या टिपणांना स्पॉटिंगची टिपणे म्हणतात आणि संगीताच्या प्रत्येक सलग तुकड्याला ‘क्यू’ म्हणतात. संगीतकार पुढे जे काही रचतो, ते या टिपणांच्या आधारावर रचतो.

टिपणात काय लिहायचे, हे वरवर पाहता सोपे वाटते: क्यूचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, लांबी आणि अपेक्षित भाव. पुष्कळ नवशिक्या दिग्दर्शकांची टिपणे येथेच संपतात. ‘७ मिनिटे ५ सेकंदांपासून करुण संगीत’ एवढे वाचून संगीतकाराला रचना करता येते, परंतु ती त्या प्रसंगाची रचना होईलच असे नाही. चांगल्या टिपणात आणखी तीन प्रश्नांची उत्तरे असतात. हे संगीत कोणाचे आहे? ते नेमके याच क्षणी का येते? आणि ते कशाच्या आधाराने जाते? या तीन प्रश्नांचे वजन एका उदाहरणावरून लक्षात येईल.

उदाहरणासाठी बारा मिनिटांचे एक लघुनाट्य कल्पावे. स्थळ इंदूरमधील एक जुने मराठी घर. आईच्या निधनानंतर काही महिन्यांनी धाकटा भाऊ परगावाहून थोरल्या बहिणीकडे येतो. त्याच्या पिशवीत हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. घरातील बहिणीचा वाटा तिने सोडावा, अशी त्याची इच्छा आहे. नोंदणी पुढे कचेरीत होईल, पण आधी मसुद्यावर तिच्या संमतीची सही हवी. आईच्या आजारपणात तो एकदाही आलेला नाही. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात, तो पाकीट काढतो आणि पुन्हा ठेवतो. शेवटी बहीणच म्हणते, “आण तो कागद.” न वाचता ती सही करते, पेनाला टोपण लावते आणि म्हणते, “जेवून जा. कुकर लावलाय.” जेवण होते, तो निघतो. परतीच्या गाडीत ताईने दिलेला डबा उघडतो, तर पोळ्यांच्या पुडक्याशेजारी त्याचे विसरलेले पेन ठेवलेले असते.

संकलित चित्रातील वेळा अशा आहेत. रिक्षातून उतरून भाऊ गल्लीत शिरतो ०:१२ ला, म्हणजे शून्य मिनिटे बारा सेकंदांनी. दाराची कडी वाजते ०:५८ ला. पाकीट बाहेर येऊन परत जाते ४:२० ला. “तू आला नाहीस,” हे बहिणीचे वाक्य ५:४८ ला येते. कागद टेबलावर येतो ७:०५ ला, पेन कागदाला टेकते ७:३२ ला आणि सही पूर्ण होते ७:५१ ला. “जेवून जा,” हे ८:०६ ला. त्यानंतर बहीण ओट्याकडे वळते, भाऊ चित्रात एकटा उरतो आणि ८:१९ ला कागद उचलायला गेलेला त्याचा हात अर्ध्यावर थांबतो. कुकरची शिट्टी ९:२६ ला होते. गाडीत डब्यातील पेन दिसते ११:०० ला, तो खिडकीबाहेर पाहू लागतो ११:०८ ला, पडदा काळा होतो ११:३० ला आणि श्रेयनामावली बारा मिनिटांवर संपते.

आता मुख्य प्रश्न असा, की सहीच्या प्रसंगात संगीत कोठे यावे?

पहिली जागा सुचते ती ७:०५ची. कागद टेबलावर आला, म्हणजे काहीतरी गंभीर घडणार, म्हणून सारंगीचा एक दीर्घ स्वर. या जागेचा तोटा असा, की बहिणीने अजून काहीच ठरवलेले नाही आणि संगीताने मात्र ठरवून टाकले आहे. ती सही करील, नाकारील, की कागद भावाच्या अंगावर भिरकावील, हे प्रेक्षकाला ठाऊक नाही. ही अनिश्चिती हेच त्या सत्तावीस सेकंदांचे बळ आहे. करुण स्वर आला, की उत्तर फुटते आणि उरलेला प्रसंग प्रेक्षक केवळ पुष्टी म्हणून पाहतो.

दुसरी जागा ७:३२ची, पेन कागदाला टेकण्याची. बहुतेक दिग्दर्शकांना ही जागा मोहात पाडते, कारण कथेतील सर्वांत मोठी कृती तीच आहे. परंतु येथे दोन गोष्टी घडतात. पहिली, पेनाची खरखर हरवते. शाई नीट उतरत नाही, बहीण एकदा पेन झटकते आणि पुन्हा लिहिते. वर पंखा फिरतो आहे. खोलीत एवढेच आवाज आहेत आणि त्यांच्यामुळेच ते एकोणीस सेकंद लांब वाटतात. संगीताखाली हे आवाज दबले, की वेळ सरकू लागतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सहीच्या क्षणी करुण वा उदात्त संगीत आले, की बहीण त्यागमूर्ती होते. ती उदार आहे, रागावलेली आहे, की या माणसाशी घराच्या वाट्यावरून बोलणेही तिला नको झाले आहे, हे लेखनाने आणि अभिनयाने खुले ठेवले होते. न वाचता केलेल्या सहीत हे तिन्ही अर्थ एकत्र आहेत. संगीत त्यांतला एकच अर्थ उचलते आणि उरलेले दोन पुसून टाकते. कथेतील स्त्रीवर हा एक प्रकारचा अन्याय आहे, आणि तो संगीत सुंदर असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी जागा ८:१९ची. सही होऊन गेली, टोपण लागले, जेवायला थांबण्याचे सांगून झाले. बहिणीने आपले काम पूर्ण केले आणि तिने प्रेक्षकाकडे पाठ केली आहे. आता चित्रात भाऊ एकटा आहे आणि त्याचा हात थांबला आहे. त्याला हवे ते मिळाले आहे आणि ते उचलता येत नाही. संगीत येथे आले, तर ते बहिणीचे राहत नाही. ते भावाचे होते, आणि दुःखाचे न राहता शरमेचे होते. स्वरावली तीच असली, तरी ती सत्तेचाळीस सेकंद उशिरा आल्याने तिचा धनी बदलतो आणि अर्थही बदलतो. टिपणात ‘हे संगीत कोणाचे’ हा प्रश्न आधी लिहावा लागतो, तो याच कारणाने. त्याचे उत्तर ‘भावाचे’ असे निश्चित झाले, की ७:०५ आणि ७:३२ या दोन्ही जागा आपोआप बाद होतात, कारण त्या क्षणी भावाला अजून काही कळलेलेच नाही.

यातून एक व्यवहारोपयोगी नियम निघतो. नटाने जी गोष्ट स्वतः पूर्ण करून दाखवली आहे, ती संगीताने त्याच क्षणी पुन्हा सांगू नये. कृती पूर्ण होऊ द्यावी आणि तिचा परिणाम ज्या चेहऱ्यावर उमटतो, तेथे संगीताने प्रवेश करावा. नियमाला अपवाद आहेतच, आणि त्यांतला एक भारतीय चित्रपटातील अत्यंत प्रसिद्ध प्रसंग आहे. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या ‘पथेर पांचाली’मध्ये हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो. दुर्गा गेली आहे, हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया हंबरडा फोडते, पण तिचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्या जागी पंडित रविशंकर यांच्या संगीतातील तारशहनाईचे तार सप्तकातील स्वर येतात. येथे संगीत कृतीच्या नेमक्या क्षणीच आले आहे, मग नियम मोडला का? बारकाईने पाहिले, तर दिसते की रडण्याचा आवाज ठेवून त्यावर संगीत घातलेले नाही. आवाज काढून घेतला आहे आणि त्याची जागा संगीताला दिली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगितली जात नाही, हे सूत्र तेथेही पाळलेले आहे. सहीच्या प्रसंगात असेच करायचे असेल, तर पेनाची खरखर आणि पंखा पूर्ण काढावे लागतील. ते आवाज ठेवायचे असतील, तर संगीताने थांबले पाहिजे.

संगीत येण्याचे स्थान ठरले, की जाण्याचे स्थान ठरवावे लागते, आणि बहुतेक चुका येथेच होतात. संगीत येते तेव्हा प्रेक्षकाचे लक्ष पडद्यावरील घटनेत असते. ते अचानक थांबले, की उरलेली शांतता कानाला जाणवते आणि ‘आता काहीतरी थांबले’ असे मनात उमटते. हळूहळू आवाज कमी करत नेणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु संगीत कोणत्याही वाक्यात वा दृश्यात विरघळत राहिले, तर ऐकणाऱ्याला ते विसरून राहिल्यासारखे वाटते. म्हणून संगीताला जाण्यासाठी आडोसा लागतो. दार लागणे, गाडीचा भोंगा, भांडे पडणे, किंवा एका दृश्यातून दुसऱ्यात जाणारा जोड, यांपैकी एखादी गोष्ट लक्ष स्वतःकडे ओढून घेते आणि तिच्या आड संगीत निघून जाते.

या लघुनाट्यात तो आडोसा ९:२६ला तयारच आहे, तो म्हणजे कुकरची शिट्टी. दुसरा क्यू ८:१९ला सुरू होऊन ९:२६ला शिट्टीच्या पहिल्या फूत्काराबरोबर संपेल. त्याची लांबी ६७ सेकंद. शिट्टी संपेल तेव्हा खोलीत पुन्हा पंखा आणि ताटांचा आवाज असेल. संगीत कधी गेले, हे सांगता येणार नाही. शिट्टीला येथे आणखी एक अर्थ आहे. बहिणीच्या घरातील रोजचा दिवस भावाच्या शरमेसाठी थांबलेला नाही. तेव्हा ‘शिट्टीवर थांबावे’ एवढेच न लिहिता तिचे हे काम टिपणात लिहिले, तर संगीतकार शेवटचा स्वर लांबवण्याचा मोह टाळतो.

या ६७ सेकंदांच्या मध्यावर एक अडचण आहे. ८:५१च्या सुमारास बहीण ओट्यावरूनच म्हणते, “ताटं घे.” वाक्य दोनच शब्दांचे आहे, पण ते ऐकू आलेच पाहिजे, कारण सहीनंतर तिने भावाशी पुन्हा साधेपणाने बोलण्याचा तो क्षण आहे. संगीताचा आवाज केवळ कमी करून भागत नाही. बासरी, सारंगी, व्हायोलिन यांचे स्वर माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात फिरतात, त्यामुळे हळू वाजले तरी ते शब्दांशी झटापट करतात. म्हणून रचनेतच जागा सोडावी लागते. लय एका मिनिटाला ६० मात्रांची धरली, तर एक मात्रा म्हणजे बरोबर एक सेकंद. आठ मात्रांची चार आवर्तने म्हणजे ३२ सेकंद. ८:१९ला सुरू झालेली चार आवर्तने ८:५१ला पूर्ण होतात. तेथे तीन सेकंद केवळ तंबोऱ्याचा खर्ज ठेवावा, म्हणजे वाक्य मोकळे राहते. ८:५४ला धून पुन्हा सुरू झाली, की आणखी चार आवर्तने बरोबर ९:२६ला, शिट्टीपाशी येतात. तबला वाजवायचा नाही. हा हिशोब फक्त मोजण्यासाठी आहे. आकडे नेहमी इतके सरळ जुळत नाहीत. तेव्हा लय ५८ किंवा ६३ करून पाहावी लागते, किंवा एखादे आवर्तन तोडावे लागते. परंतु वाक्याची वेळ टिपणात लिहिलेली असेल, तरच हा हिशोब करता येतो.

उरलेले दोन क्यू आता थोडक्यात ठरवता येतात. पहिला ०:१२ ते ०:५८, लांबी ४६ सेकंद. रिक्षा निघून जाण्याच्या आवाजाखाली तो येतो आणि दाराच्या कडीवर थांबतो. हे संगीत घरी परतणाऱ्या मुलाचे आहे. पिशवीतील कागदाची सूचना त्यात अजिबात नको, कारण कागद ४:२०ला दिसणार आहे आणि तोपर्यंत हा साधा भेटीचा दिवस वाटला पाहिजे. तिसरा क्यू ११:०८ ते १२:००, लांबी ५२ सेकंद. पेन दिसते ११:००ला, तरी संगीत आठ सेकंद थांबते. ते पेन परत का आले, हे भावाने आधी स्वतःशी जोडून पाहायचे आहे. ताईने काळजीने ठेवले, की तुझे काहीही या घरात राहू नये म्हणून ठेवले? तो खिडकीकडे वळतो, म्हणजे त्याचा विचार सुरू झाला आहे. संगीत तेथे येते आणि काळ्या पडद्यावरून नामावली संपेपर्यंत चालते. पहिल्या आणि तिसऱ्या क्यूचे नाते टिपणात असे मांडता येते: धून तीच, परंतु पहिल्या वेळी ती पंचमावर थांबते आणि घरी पोचत नाही; तिसऱ्या वेळी ती षड्जावर येते, तीही पडदा काळा झाल्यानंतरच.

४६, ६७ आणि ५२ मिळून १६५ सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटे होतात. बारा मिनिटांच्या नाट्यात नऊ मिनिटांहून अधिक वेळ पार्श्वसंगीत नाही. त्या नऊ मिनिटांचीही नोंद टिपणात करावी लागते. विशेषतः ५:४८ची, “तू आला नाहीस” या वाक्याची. तेथे ‘संगीत नाही, वाक्यानंतरची शांतता तशीच ठेवावी’ असे स्पष्ट लिहिले नाही, तर उत्साही संगीतकार ती जागा रिकामी समजून भरतो. न लिहिलेली शांतता आणि ठरवलेली शांतता यांत फरक आहे, आणि तो कागदावरच करता येतो.

एक संगीत असेही आहे, जे पात्रांनाही ऐकू येते. चहाच्या वेळी, २:३० ते ३:४५, शेजारच्या घरातील रेडिओ अस्पष्ट ऐकू येतो. ही नोंद वेगळ्या सदरात करावी, कारण तिचे नियम वेगळे आहेत. तो आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा हवा आणि शेजाऱ्याने रेडिओ बंद केला, की तो एकदम तुटला पाहिजे. येथे अचानक थांबणे दोष ठरत नाही. ते तुटल्यावर जी शांतता पसरते, तीतच ४:२०ला पाकीट बाहेर येते. मात्र रेडिओवर जुने प्रसिद्ध चित्रपटगीत वाजवण्याचा विचार असेल, तर गीताच्या रचनेचा आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाचा असे दोन स्वतंत्र हक्क असतात आणि दोन्हींची परवानगी लागते. लहान निर्मितीला ते परवडत नाही. अशा वेळी संगीतकाराने जुन्या वळणाची नवी धून बांधून देणे, हा सरळ मार्ग आहे, आणि ते काम टिपणात चौथी मागणी म्हणून लिहिलेले असावे.

आता दुसऱ्या क्यूचे पूर्ण टिपण कसे दिसेल, ते पाहू.

‘क्यू २. आगमन ८:१९, निर्गमन ९:२६, लांबी ६७ सेकंद. हे संगीत भावाचे आहे, बहिणीचे नाही. कागद उचलायला गेलेला हात थांबतो, त्या थांबण्यावर पहिला स्वर. हात पुढे जात असताना नको. भाव शरमेचा. करुणा किंवा त्यागाचा गौरव नको. ८:५१ ते ८:५४ धून थांबवावी, “ताटं घे” हे वाक्य मोकळे ऐकू यावे. ९:०५ला तो ताटे मांडू लागतो, तेथे संगीताने उसळू नये. शेवट कुकरच्या शिट्टीच्या आड. शिट्टीनंतर एकही स्वर उरू नये. सहीच्या वेळी, ७:०५ ते ८:१९, संगीत नाही. पेनाचा आणि पंख्याचा आवाज ध्वनिसंयोजकाने राखावा.’

या टिपणात कोणता राग, कोणते वाद्य, हे सांगितलेले नाही, हे लक्षात घ्यावे. तो संगीतकाराचा प्रांत आहे. दिग्दर्शकाने जागा, धनी आणि कारण सांगावे. स्वर त्याने सांगू नयेत.

एवढे नेटके टिपण झाल्यावरही दोन गोष्टींमुळे काम बिघडते. पहिली म्हणजे तात्पुरते संगीत. संकलन चालू असताना संकलक सोयीसाठी कोठली तरी तयार धून प्रसंगाखाली ठेवतो. सहीखाली ७:०५पासून सारंगीचा तुकडा ठेवलेला असेल आणि दिग्दर्शकाने तो प्रसंग तसाच पन्नास वेळा पाहिला असेल, तर त्याविना प्रसंग उघडा वाटू लागतो. हा प्रसंगाचा दोष नसतो, तो सवयीचा परिणाम असतो. म्हणून स्पॉटिंगच्या बैठकीतील पहिले दर्शन सर्व तात्पुरते संगीत काढून घ्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे टिपणे झाल्यावर चित्रात केलेला बदल. समजा, संकलकाला सहीनंतरचे दोन सेकंद लांब वाटले आणि त्याने ते कापले. हात आता ८:१७ला थांबतो आणि संगीत जुन्या टिपणानुसार ८:१९लाच येते. दोन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात; पण तेवढ्यात भावाने नजर वळवलेली असते, आणि पुढे “ताटं घे” हे वाक्य सोडलेल्या जागेच्या आधीच, नेमके धुनीवर येऊन पडते. म्हणून चित्र अंतिम झाल्याखेरीज वेळा लिहू नयेत आणि टिपणाच्या माथ्यावर चित्राच्या कोणत्या प्रतीवरून वेळा घेतल्या, तिची तारीख आणि ती सेकंदाला २४ चौकटींची आहे की २५, हे लिहावे.

टिपणे म्हणजे आज्ञापत्र नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’मधील स्नानगृहाच्या प्रसंगाला संगीत नको, असा दिग्दर्शकाचा मूळ निर्णय होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही केवळ तंतुवाद्यांसाठी त्या प्रसंगाची रचना केली आणि ऐकवली. हिचकॉक यांनी आपला निर्णय बदलला. आज तो प्रसंग त्या संगीताविना कोणाला आठवत नाही. यावरून ‘संगीतकाराला मोकळे सोडावे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. हरमन यांना विरोध करता आला, कारण विरोध करण्यासारखा एक स्पष्ट निर्णय समोर होता. टिपणात कारण लिहिलेले असेल, तर संगीतकार त्या कारणाशी वाद घालू शकतो; नुसती वेळ लिहिलेली असेल, तर त्याला फक्त ती भरता येते.

जागा बरोबर ठरली की नाही, हे तपासण्याचा उपाय साधा आहे. ज्याने नाट्य पाहिलेले नाही, अशा कोणाला तरी समोर बसवावे आणि मागाहून दोन गोष्टी विचाराव्यात. सहीनंतर संगीत कधी सुरू झाले? आणि ताईला त्या वेळी काय वाटत होते? पहिल्या प्रश्नावर तो नेमकी जागा सांगू लागला, तर आगमन उघडे पडले आहे. दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यांनी ‘बिचारी’ असे एकच उत्तर दिले, तर संगीत बहिणीच्या बाजूला गेले आहे आणि क्यू पुन्हा पाहायला हवा. कोणी ‘रागावली असेल’ म्हणाला, कोणी ‘तिला त्याची कीव आली’ म्हणाला, कोणी ‘तिने त्याला सोडून दिले’ म्हणाला आणि त्यावरून त्यांच्यात वाद झाला, तर टिपणांनी आपले काम केले आहे. त्या वादात एखादा तरी म्हणेल, की तिने पेन झटकले तेव्हाच आपल्याला कळले. ते झटकणे ऐकू आले, कारण त्या जागी संगीत नव्हते.